एकास आठशे म्हणजे नेमकं काय?

पावसाळ्यात कुत्र्याच्या लेप्टोचा रिपोर्ट हातात पडला की मालकाचा पहिला प्रश्न असतो, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह? पण ‘मॅट’ नावाच्या चाचणीच्या रिपोर्टवर बऱ्याचदा यातला एकही शब्द नसतो. एका रकान्यात इक्टेरोहिमोरॅजी, कॅनिकोला, ऑटम्नॅलिस अशी जिभेला पीळ पाडणारी नावं असतात, दुसऱ्यात १:१००, १:८०० असे आकडे. ते वाचता आले नाहीत की चूक दोन्ही बाजूंनी होते. खरोखर आजारी कुत्रा निर्धास्तपणे घरी पाठवला जातो, आणि नुकतीच लस घेतलेल्या धडधाकट कुत्र्याला रोगी ठरवून घरातली माणसं त्याच्यापासून लांब पळतात.

नमुन्यादाखल एक प्रकरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी मी बसवलेले आहेत, पण या आजाराची चाल साधारण अशीच असते. ठाण्यातला चार वर्षांचा लॅब्राडोर, वजन तीस किलो. जुलैचा महिना. सोसायटीच्या मागच्या बाजूला, जिथे घुशी-उंदरांची ये-जा आहे, तिथल्या डबक्यात तो रोज तोंड घालतो. एके दिवशी तो जेवत नाही, अंग तापलेलं आहे, मागचे पाय धरल्यासारखे चालतो. दुसऱ्या दिवशी उलट्या. ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून उलटीचं इंजेक्शन दिलं जातं. चौथ्या दिवशी डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या दिसतात, लघवी कमी झालेली असते.

या चार दिवसांत आत काय झालं? लेप्टोस्पायरा हा सुतासारखा बारीक, मळसूत्री वळणाचा जिवाणू. तो उंदराच्या मूत्रपिंडात बस्तान ठोकतो, उंदराला फारसा त्रास न देता त्याच्या लघवीतून बाहेर पडत राहतो आणि साचलेल्या पाण्यात, ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे तग धरतो. कुत्र्याच्या तोंडाच्या, नाकाच्या, डोळ्यांच्या ओल्या त्वचेतून किंवा पंज्यावरच्या ओरखड्यातून तो रक्तात शिरतो. साधारण आठवडाभरात ताप येतो. मग तो रक्तातून मूत्रपिंडाकडे वळतो.

मूत्रपिंडात रक्त गाळलं गेल्यावर जे पाणी नलिकांमध्ये उतरतं, त्यातली साखर, क्षार आणि बरंचसं पाणी नलिकांच्या पेशी परत खेचून घेतात. लेप्टोचा मारा नेमका या पेशींवर आणि त्यांच्या आजूबाजूच्या जागेवर होतो. तिथे सूज येते आणि परत खेचण्याचं काम बंद पडतं. आपल्या लॅब्राडोरच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन ५.८ आहे. लॅबची वरची मर्यादा साधारण दीडच्या आसपास असते. पण अनुभवी पशुवैद्याचं लक्ष आणखी एका ओळीवर जातं. रक्तातली साखर ९५, म्हणजे अगदी नेहमीची, आणि तरीही लघवीत साखर आहे. हा मधुमेह नव्हे. गाळलेली साखर परत घेणाऱ्या पेशी घायाळ झाल्याची ती खूण आहे. उलट्या, ताप, वाढलेलं क्रिएटिनिन आणि जोडीला ही साखर दिसली, तर पावसाळ्यात लेप्टोचा संशय पहिला घ्यावा.

यकृताची तऱ्हा वेगळी. बिलिरुबिन ६, म्हणजे नेहमीच्या कितीतरी पट. अल्कलाइन फॉस्फेटेसही भरपूर वाढलेलं. पण यकृतातल्या पेशी मेल्यावर जे एन्झाइम रक्तात उतरतं, ते एएलटी, त्या मानाने थोडंच वाढलेलं. असं का? कारण हा जिवाणू यकृताच्या पेशींना सरसकट मारत नाही, तो त्या पेशींमधले सांधे सैल करतो. त्या फटींतून पित्त रक्तात झिरपतं आणि जनावर पिवळं पडतं. म्हणून पिवळेपणा पाहून मालक हादरतो, तरी बहुतेकदा यकृत सावरतं. काळजी करायची ती मूत्रपिंडाची. वाचलेल्या काही कुत्र्यांमध्ये तिथे कायमची इजा उरते. आणि पिवळेपणा प्रत्येक कुत्र्यात दिसतोच असं नाही; नुसती मूत्रपिंडं बिघडलेली असतात आणि ‘कावीळ नाही म्हणजे लेप्टो नाही’ असं म्हणून वेळ घालवला जातो.

आता चाचणी. मॅट म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची गोळे बनण्याची चाचणी. १९१८ मध्ये ती पुढे आली आणि आजही तीच मानदंड मानली जाते. लॅबमध्ये लेप्टोच्या वेगवेगळ्या गटांचे जिवंत जिवाणू वाढवून ठेवलेले असतात. कुत्र्याच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, टप्प्याटप्प्याने पातळ करतात. शंभर पट, दोनशे पट, चारशे, आठशे, असं दर टप्प्याला दुप्पट. प्रत्येक टप्प्यात एकेका गटाचे जिवाणू मिसळतात आणि काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सीरममध्ये त्या गटाविरुद्ध प्रतिपिंडं असतील तर सुटे वळवळणारे जिवाणू एकमेकांना चिकटून गोळे होतात. ज्या शेवटच्या पातळीपर्यंत निम्मे जिवाणू गोळ्यांत अडकलेले दिसतात, ती पातळी रिपोर्टवर येते. १:८०० याचा अर्थ एवढाच की आठशे पट पातळ केल्यावरही सीरमने निम्मे जिवाणू धरले. जिवंत जिवाणू सांभाळायचे आणि माणसाच्या नजरेने मोजायचं, म्हणून ही चाचणी मोजक्याच ठिकाणी होते. एका टप्प्याचा फरक, म्हणजे दुप्पट किंवा निम्मा आकडा, नजरेच्या चुकीतही येऊ शकतो.

लॅब्राडोरचा चौथ्या दिवशीचा रिपोर्ट असा: इक्टेरोहिमोरॅजी १:२००, कॅनिकोला १:१००, बाकी सगळे शंभरच्या खाली. त्याला लेप्टोची लस आठ महिन्यांपूर्वी दिली होती, आणि त्या लसीत हेच दोन गट होते. मग हे आकडे कशाचे? बहुधा लसीचेच. मग लेप्टो नाही असं म्हणायचं का? मुळीच नाही. नव्या जिवाणूविरुद्ध मोजता येतील एवढी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. आजाराच्या पहिल्या आठवड्यातली निगेटिव्ह मॅट काहीच सिद्ध करत नाही. या काळात पीसीआर जास्त उपयोगी पडते, कारण ती जिवाणूचा अंशच शोधते. पहिल्या आठवड्यात रक्तात, पुढे लघवीत. शंका असेल तर दोन्हींत. पण नमुने अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यायला हवेत. दोन डोस पोटात गेल्यावर घेतलेली पीसीआर निगेटिव्ह आली, तर तिच्यावर भिस्त ठेवू नये.

दहा दिवसांनी दुसरा नमुना पाठवला. आता इक्टेरोहिमोरॅजी १:४००, कॅनिकोला तिथेच, आणि ऑटम्नॅलिस शून्यावरून १:३२००. पहिल्या गटाची दुप्पट वाढ सोडून द्यायची. ऑटम्नॅलिसची उडी मात्र निकाल देते. दोन नमुन्यांत चौपट किंवा त्याहून जास्त वाढ दिसली की ताजा संसर्ग नक्की समजतात. एकाच नमुन्यावर निर्णय घ्यायचा झाला, तर लस न घेतलेल्या कुत्र्यात १:८०० किंवा त्याहून वरचा आकडा आणि जोडीला आजाराची लक्षणं, यावर दाट संशय घेतात. लस घेऊन थोडेच महिने झालेल्या कुत्र्यात मात्र एवढा आकडा लसीनेही येऊ शकतो.

इथे आणखी एक मेख आहे. ऑटम्नॅलिसचा आकडा सर्वांत मोठा, म्हणून आजार त्याच गटाने झाला असं छातीठोकपणे सांगता येत नाही. गट एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की प्रतिपिंडं शेजारच्या गटालाही धरतात, कधी खऱ्या गुन्हेगारापेक्षा जास्त. मॅटवरून लेप्टो झाला हे कळतं. कुठल्या जातीचा, याचा नुसता अंदाज करता येतो.

उपचारासाठी दुसऱ्या रिपोर्टची वाट कुणी पाहू नये. संशय आला की त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू होतं. उलट्या चालू असतील तर आधी पेनिसिलिनच्या कुळातलं इंजेक्शन, आणि पोट औषध ठेवू लागलं की दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन. उलट्या थांबल्या, कुत्रा जेवू लागला म्हणून डॉक्सिसायक्लिन अर्ध्यावर सोडणारे मालक पुष्कळ. ते औषध मूत्रपिंडात दडलेले जिवाणू काढण्यासाठी असतं. अर्धवट सोडलं तर बरा दिसणारा कुत्रा महिनोन्‌महिने लघवीतून जिवाणू टाकत राहू शकतो. सलाईनचंही तसंच. लघवी किती होते हे न मोजता बाटलीमागून बाटली लावली आणि मूत्रपिंडं बंद असली, तर ते पाणी फुप्फुसात उतरतं. या आजारात फुप्फुसात रक्तस्रावही होऊ शकतो, म्हणून धाप वाढली तर ती गंभीर खूण समजावी.

आणि घरातली माणसं? लेप्टो कुत्र्याकडून माणसाला होऊ शकतो, पण प्रत्यक्षात तसं क्वचित घडतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात आजारी कुत्र्यांच्या संपर्कातल्या ९१ जणांना, डॉक्टर, कर्मचारी आणि मालक यांना तपासलं. एकातही संसर्गाची खूण सापडली नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, ती पुराच्या पाण्यातून. कोकणातल्या भातखाचरांत होतो तो लेप्टोही चिखलापाण्यातूनच येतो. ज्या डबक्यात तुमचा कुत्रा तोंड घालतो, त्यातूनच तुम्ही चपला घालून जात असता, हे लक्षात घ्यायला हवं.

तरी धोका शून्य नाही, आणि तो जवळजवळ सगळा लघवीत असतो. चाटण्याने किंवा अंगावर हात फिरवल्याने घाबरून जाऊ नये. हात मात्र धुवावेत. फरशीवरची लघवी हातमोजे घालून कागदाने टिपावी, मग एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं ठेवून पुसावं. पाइपचा जोरदार फवारा मारू नये, त्याने थेंब उडून डोळ्यातोंडात जातात. योग्य अँटिबायोटिक सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत लघवीचा धोका खूप कमी होतो, म्हणजे खरी दक्षता निदानाआधीच्या दिवसांत आणि उपचाराच्या सुरुवातीला हवी. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारं कुणी असेल, तर कुत्र्याची साफसफाई त्यांच्याकडे देऊ नये. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही औषध द्यायचं का, हे पशुवैद्याला विचारावं. त्यानेही त्याच डबक्यातलं पाणी प्यायलेलं असतं. माणसाने मात्र कुत्र्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पुढच्या महिन्याभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर आपल्या डॉक्टरांना ‘घरच्या कुत्र्याला लेप्टो झाला होता’ हे आधी सांगावं. ते कळलं नाही तर डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्यांत दोन-तीन दिवस सहज जातात.

राहिली लस. ती गटागटापुरतीच काम करते, म्हणून आपल्या लॅब्राडोरची दोन गटांची लस त्याला पुरी पडली नाही. चार गटांची लस मिळत असेल तर ती घ्यावी. पहिल्या वर्षी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक; रेबीजच्या काही लशींप्रमाणे तीन वर्षं विसरून चालत नाही. डोसची तारीख कार्डावर लिहून घ्या आणि मॅटचा नमुना पाठवाल तेव्हा फॉर्मवरही घाला, आणि पहिला नमुना देतानाच दुसऱ्याची तारीख ठरवा. यंदाचा डोस राहिला असेल तर तो मे महिना संपायच्या आत देऊन टाका.