शेवटची क्वार्टर कधी घेतली?

मेडिसिनच्या जनरल वॉर्डात दारू सुटल्यामुळे जिवावर बेततं, तेव्हा तो रुग्ण बऱ्याचदा दारूसाठी भरती झालेलाच नसतो. तो न्यूमोनिया घेऊन आलेला असतो, नाहीतर पाय सुजून लाल झालाय म्हणून. घरून निघाल्यापासून त्याला प्यायला मिळालेलं नसतं, हे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. मग तिसऱ्या रात्री तो सलाईन उपटतो, चादरीवर नसलेल्या मुंग्या झटकतो, बायकोला ओळखत नाही. शेजारच्या खाटेवरचे म्हणतात, काहीतरी लागिर झालंय. हातपाय बांधले जातात. खरं तर याची चाहूल आदल्या दिवसापासूनच लागलेली असते.

दारू मेंदूला शांत करते. शांत करणारं ‘गाबा’ हे रसायन ती जोरात चालवते आणि चेतवणारं ‘ग्लुटामेट’ दाबते. रोज प्यायलं की मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. बाहेरून कुणी दार ढकलत असताना आपण आतून रेटून धरावं आणि बाहेरचा अचानक बाजूला व्हावा, तसं दारू बंद होताच होतं. आतला सगळा जोर मोकळा सुटतो. साधारण सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी धावते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना तो भ्रम होतो, ज्याला वॉर्डात ‘डीटी’ म्हणतात, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स. त्यात ताप चढतो, रक्तदाब उसळतो, आणि उपचार न मिळाल्यास माणूस जाऊही शकतो.

समजा, पंचेचाळिशीचा एक गवंडी आहे. डाव्या पायाला सेल्युलायटिस झालाय. गेली दहा वर्षं रोज देशीच्या तीन क्वार्टर. भरती संध्याकाळी झाली. सिस्टरनी विचारलं, “दादा, शेवटचं कधी घेतलं?” तो म्हणाला, “कधीमधी घेतो.” बायको हळूच म्हणाली, “आज सकाळी सहाला, कामावर जायच्या आधी.” सगळा उपचार या एका वाक्यावर उभा राहतो. घड्याळ सहापासून मोजायचं.

रात्री आठला सिस्टर ‘सीवा’ तक्ता काढतात. त्यात दहा गोष्टी पाहतात: मळमळ, थरथर, घाम, घालमेल, अस्वस्थ हालचाल, डोकेदुखी, त्वचेवर, कानाला आणि डोळ्यांना होणारे भास, आणि वेळ-स्थळाचं भान. भानाला चार गुण, बाकी प्रत्येकाला सात, एकूण 67. आपल्या गवंड्याला हात पुढे धरायला सांगितले तर स्पष्ट थरथरतात, म्हणून 4. कपाळावर घामाचे थेंब, 4. सारखा चुळबुळतोय, 4. घालमेल 3, डोकेदुखी 2, मळमळ 1. भास नाहीत, भान शाबूत. बेरीज 18. आठच्या आत सहसा औषध लागत नाही, पंधराच्या वर त्रास तीव्र समजतात. नाडी आणि रक्तदाब या बेरजेत नसतात, ते वेगळे मोजायचे.

आता औषध. बेन्झोडायझेपिन गटातली औषधं त्याच गाबाला हात देतात. दारूची जागा ती तात्पुरती घेतात आणि मग हळूहळू मागे सरतात. त्यातलं क्लोरडायझेपॉक्साइड शरीरात रेंगाळतं, त्यामुळे उतार आपोआप सावकाश होतो. डॉक्टरांनी 50 मिलिग्रॅमची गोळी दिली. तासाभराने बेरीज 14, पुन्हा 50. आणखी तासाने 9, म्हणून 25. नंतर 6 आली, तेव्हा काहीच दिलं नाही, फक्त पुन्हा मोजायची वेळ ठरवली. पहाटे बेरीज 11 वर गेली, आणखी 25. पहिल्या रात्रीत दीडशे मिलिग्रॅम झाले, पण ते आधी कुणी ठरवलेले नव्हते. घड्याळाऐवजी लक्षणांनी मागितले तेवढे दिले.

1994 मध्ये ‘जामा’ या अमेरिकी नियतकालिकात आलेल्या चाचणीत दोन्ही रीती समोरासमोर तपासल्या होत्या. लक्षणांनुसार देणाऱ्या गटात औषध साधारण 9 तासांत थांबलं, ठरलेल्या वेळी देणाऱ्या गटात 68 तास चाललं. एकूण मात्रा 100 विरुद्ध 425 मिलिग्रॅम. पण ते दारू सोडवण्याचं खास केंद्र होतं आणि आधी फिट आलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. आपल्या वॉर्डात हे विसरून चालत नाही. पूर्वी दारू सुटताना फिट किंवा डीटी झालेल्याची बेरीज वाढेपर्यंत वाट पाहायची नसते. त्याला सुरुवातीपासून ठरावीक डोस लागतो.

यकृत खराब असेल किंवा वय झालं असेल, तर हेच रेंगाळणारं औषध साचत जातं आणि माणूस गुंगीतच राहतो. तिथे लोराझेपाम बरं, कारण त्याचा निचरा यकृताच्या बिघाडातही बऱ्यापैकी होतो; एक-दोन मिलिग्रॅमने सुरुवात करतात. रुग्ण पेंगू लागला, श्वास मंदावला, तर पुढचा डोस थांबवायचा, मग तक्ता काहीही म्हणो.

तक्त्याची दुसरी मर्यादा माझ्या मते जास्त धोक्याची आहे. सीवा हे निदान नव्हे. जंतुसंसर्गाने तापलेला, डोक्याला मार लागलेला, साखर किंवा सोडियम घसरलेला माणूसही घामेजतो, बरळतो आणि भरपूर गुण मिळवतो. आपल्या गवंड्याच्या पायात संसर्ग आहेच. औषध देऊनही बेरीज उतरत नसेल तर आणखी गोळी देण्याआधी साखर तपासायची, ताप पाहायचा, गरज वाटली तर डोक्याचा सीटी स्कॅन करायचा. आणि जो बोलूच शकत नाही, त्याला हा तक्ता लागू होत नाही.

राहिलं थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-1. रोज पिणाऱ्याचं जेवण तुटपुंजं असतं, आणि दारूमुळे आतड्यातून थायमिन शोषलंही कमी जातं. ग्लुकोजपासून ऊर्जा काढायला मेंदूला ते लागतंच. साठा संपलेल्या माणसाला नुसतं डेक्स्ट्रोजचं सलाईन चढवलं, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि वर्निकेचा विकार उफाळू शकतो. गोंधळ, डोळ्यांची हालचाल बिघडणं, चालताना तोल जाणं ही त्याची तीन लक्षणं, पण तिन्ही एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात. म्हणून तिन्हींची वाट पाहणं ही चूक. नुसता गोंधळ असेल तर तो डीटीचा की वर्निकेचा, हे खाटेशी उभं राहून सांगता येत नाही, मग दोन्ही धरून चालतात. उशीर झाला तर स्मृती कायमची जाऊ शकते.

त्यामुळे थायमिन सलाईनच्या आधी किंवा सोबत द्यायचं, आणि सुरुवातीला गोळीऐवजी इंजेक्शनने. आपल्या गवंड्याला प्रतिबंध म्हणून रोज 200 मिलिग्रॅम दिलं. वर्निकेचा संशय असता तर 500 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, शिरेतून सावकाश. मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिनचा गुण नीट येत नाही, म्हणून तेही तपासलं. फक्त एक अपवाद: साखर खरोखर घसरली असेल तर थायमिन शोधत बसून ग्लुकोज अडवायचं नाही.

चौथ्या दिवशी त्याची बेरीज सलग तीनच्या आत होती. गोळ्या बंद झाल्या. घरी जाताना बेन्झोडायझेपिनची पट्टी हातात दिली नाही, कारण दारूसोबत ती गोळी श्वास थांबवू शकते.

घरचं कुणी भरती होत असेल आणि रोज पीत असेल, तर लाज बाजूला ठेवून सिस्टरना तीन गोष्टी सांगा: रोज किती, शेवटचं कधी, आणि पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का. आणि त्याची तडफड पाहवत नाही म्हणून पिशवीतून क्वार्टर आत नेऊ नका. डॉक्टरांना हाक मारा.