मोकळा दिसणारा चार नंबर

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एके रात्री जिन्यात गाठून विचारलं, “तुमचंही नेट नऊनंतर रडतं का हो?” रडत होतं. दिवसा गुण्यागोविंदानं चालणारं वायफाय रात्री जेवणं आटोपली की अडखळायचं. कंपनीला फोन केला तर उत्तर ठरलेलं: “राउटर बंद करून चालू करा.”

दोष बाहेरून येणाऱ्या तारेत आहे की घरातल्या हवेत, हे आधी ठरवावं. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून स्वतःच्या राउटरलाच हाक मारायची:

```
ping -t 192.168.1.1
```

(काही राउटरांचा पत्ता 192.168.0.1 असतो.) इथे निरोप घरातल्या घरातच जातो-येतो, बाहेरच्या इंटरनेटचा संबंधच नाही. राउटर खोलीत असेल तर उत्तर साधारण पाचेक मिलिसेकंदांत यावं. माझ्याकडे सकाळी ३-४ येत होते. रात्री मधूनच १८०, ३००, आणि कधी उत्तरच नाही. म्हणजे तार निर्दोष होती, गर्दी हवेत होती.

फोनवर वायफाय अ‍ॅनालायझरसारखं अ‍ॅप टाकून पाहिलं. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या दिवाणखान्यात २.४ गिगाहर्ट्झवर २७ नेटवर्कं! पडद्यावर कमानींची झुंबड: एक, सहा आणि अकरा या चॅनलांवर ढीग, आणि चार नंबर जवळपास सुना. मी खूश होऊन राउटर चारवर लावला, आणि पिंग आणखी बिघडला.

चूक समजायला थोडं गणित लागतं. आपल्याकडे या पट्ट्यात १३ चॅनल आहेत, पण लगतच्या दोन चॅनलांत अंतर फक्त पाच मेगाहर्ट्झचं, आणि एकेक नेटवर्क पसरतं वीस मेगाहर्ट्झ. तिघांच्या बाकावर तेरा आकडे रंगवावेत, तसा हा प्रकार. एकमेकांना धक्का न लावता बसू शकतात ते १, ६ आणि ११. चारवर बसलेला माणूस एका बाजूनं एकवाल्यांच्या आणि दुसऱ्या बाजूनं सहावाल्यांच्या मांडीवर असतो.

एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांची भाषा ऐकतात. दुसरा बोलत असेल तर थांबतात, मग आपली पाळी घेतात. वेग वाटला जातो, पण निरोप पोचतो. अर्धवट सरकलेल्या चॅनलवर मात्र शेजाऱ्याचं बोलणं शब्द म्हणून कळत नाही, नुसता गोंगाट होतो. पाळी ठरत नाही, निरोप फाटतात, पुन्हा पाठवावे लागतात. सुना दिसणारा चार नंबर म्हणूनच फसवा होता.

उरले तीन. इथं नावं मोजू नयेत, आवाज मोजावा. अ‍ॅप तो उणे डीबीएममध्ये दाखवतं: उणे ५० म्हणजे कानाशी, उणे ८५ म्हणजे दूरची कुजबुज. एकवर सहाच नेटवर्कं होती, पण त्यातली दोन उणे ५२ आणि ५५ची, म्हणजे थेट भिंतीपलीकडची. सहावर अकरा, त्यांतली चार जोरदार. अकरावर नऊ, पण एकही उणे ७८च्या वर नाही. नावं एकपेक्षा जास्त असूनही मी अकरा निवडला.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून वायरलेस सेटिंगमध्ये चॅनल ‘Auto’वरून 11 केला, आणि शेजारची ‘Channel Width’ 40 वरून 20 केली. चाळीसला दुप्पट वेग मिळेल असं वाटतं, पण दाटीच्या इमारतीत ते एकट्यानं दोन खुर्च्या अडवणं आहे. ‘Auto’चं म्हणाल, तर बरेच राउटर चॅनल चालू होतानाच ठरवतात. वीज जाऊन आली की अख्खी इमारत एकदम जागी होते आणि प्रत्येक जण अर्धवट माहितीवर जागा धरतो.

रात्री साडेनऊला पिंग दहाच्या आसपास आला, अधूनमधून ४०. चमत्कार नाही, पण व्हिडिओ कॉल तुटायचा थांबला. अ‍ॅप फक्त नेटवर्कं दाखवतं, कोण किती बोलतंय ते नाही. त्यामुळे बदल केल्यावर त्याच गर्दीच्या वेळी पुन्हा मोजणं हाच खरा पुरावा. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गुरगुरतो; त्याच्यावर चॅनल बदलून फारसा उपाय नाही.

लॅपटॉप मी ५ गिगाहर्ट्झवर नेला. तिथं चॅनल बरेच जास्त, आणि त्या लहरी भिंतींना लवकर हार मानतात, त्यामुळे शेजारी कमी ऐकू येतात. आपलाही सिग्नल मागच्या बेडरूमपर्यंत नीट पोचत नाही, हे त्याचंच दुसरं टोक. तिथला स्मार्ट बल्ब तर फक्त २.४ ओळखतो, म्हणून अकरा सोडवत नाही.

काकूंच्या घरी राउटर सातवर निघाला. त्यांच्या पडद्यावर एक शांत होता, तिकडे नेला. आमच्याकडे परवा पुन्हा पाहिलं, तर वरच्या फ्लॅटमध्ये नवे भाडेकरू आलेत: अकरावर, उणे ५१.