चूक नेमकी कुठे झाली? सलूनच्या खुर्चीतून समजून घेऊ गॅप मॉडेल

सेवा विपणनाच्या पेपरात गॅप मॉडेलचा प्रश्न बहुधा असतोच, आणि विद्यार्थी पाचही दऱ्यांची नावं बिनचूक लिहितात. गाडी अडते ती उदाहरणावर. सलूनचं उदाहरण द्या म्हटलं की पाचही ठिकाणी एकच वाक्य फिरून फिरून येतं : कर्मचाऱ्याने नीट काम केलं नाही, म्हणून ग्राहक नाराज झाला. असं असतं तर पाच दऱ्यांची गरजच नव्हती. ग्राहकाची नाराजी कर्मचाऱ्याच्या हातून दिसत असली, तरी तिचं मूळ बरेचदा त्याच्या हातात नसतं, हेच या मॉडेलला सांगायचं आहे.

परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तिघांनी 1985 मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये हे मॉडेल मांडलं. बँक, क्रेडिट कार्ड, शेअर दलाली आणि वस्तूंची दुरुस्ती या चार क्षेत्रांतल्या अधिकाऱ्यांशी आणि ग्राहकांच्या गटांशी बोलून त्यांनी ते बांधलं. सलून त्यात नव्हतं. पण तिथे सेवा ग्राहकाच्या डोक्यावर, त्याच्या डोळ्यांसमोर घडते, म्हणून समजावायला ते फार सोयीचं आहे.

एक काल्पनिक प्रसंग घेऊ. ठाण्यातलं एक मध्यम आकाराचं सलून. शनिवारी संध्याकाळी एका बाईंना भाचीच्या साखरपुड्याला जायचंय. केसांच्या मुळाशी पांढरी रेघ दिसू लागली आहे, म्हणून त्यांनी चार वाजताची रूट टच-अपची वेळ घेतली आहे. सलूनच्या जाहिरातीत लिहिलंय, ‘रूट टच-अप फक्त एका तासात’. म्हणजे पाचला मोकळं होऊन साडेपाचला निघता येईल, असा त्यांचा हिशोब. प्रत्यक्षात खुर्ची मिळते चार वीसला, ब्लो-ड्राय संपतो पावणेसहाला, आणि घरी आरशात पाहतात तर कानशिलाजवळचे पांढरे केस तसेच चमकताहेत.

काय हवं होतं आणि काय मिळालंसं वाटलं, यातलं हे अंतर म्हणजे पाचवी दरी. उत्तराची सुरुवात इथूनच करावी, कारण ग्राहकाला दिसते ती एवढी एकच. उरलेल्या चार सलूनच्या आत असतात आणि त्यांचा परिणाम पाचवीत उतरतो. आकृती काढताना मध्ये एक आडवी रेघ मारा : वर ग्राहक, खाली संस्था. पाचवी दरी रेघेच्या वर येते. पहिली दरी रेघ ओलांडून ग्राहकाच्या अपेक्षेपासून व्यवस्थापनाच्या समजुतीपर्यंत जाते.

या पहिल्या दरीकडे पाहू. मालकांची समजूत अशी, की ग्राहकांना चकाचक जागा हवी असते. म्हणून गेल्या वर्षी नवे सोफे आले, कॉफीचं यंत्र आलं. रिसेप्शनवरची मुलगी मात्र रोज ऐकते, “मॅडम, अजून किती वेळ?” हे वाक्य मालकांपर्यंत पोचण्याची वाटच नाही. ती सांगत नाही आणि तिला कुणी विचारत नाही. अपेक्षा काय आहे हेच वर कळलेलं नाही, ही ज्ञानाची दरी.

आता समजा, मालकांना ते कळलं. त्यांनी सगळ्यांना बोलावून बजावलं, “कामं वेळेवर झाली पाहिजेत.” ही सूचना झाली, मानक नव्हे. मानक ठरवायचं तर कामाची वेळ मोजावी लागते. केस पाहून शेड ठरवायला दहा मिनिटं, रंग लावायला पंचवीस, तो मुरायला पस्तीस, धुवायला दहा, ब्लो-ड्रायला वीस, असं धरलं तर शंभर मिनिटं होतात. अपॉइंटमेंटच्या वहीत मात्र प्रत्येक कामाला साठ मिनिटांचा एकच रकाना आहे. कळलेली अपेक्षा कामाच्या नियमात उतरलीच नाही, ही दुसरी दरी. इथे रंग लावणाऱ्या मुलीने कितीही धावपळ केली तरी पाच वाजता काम संपणार नाही. सलूनमधल्या उशिराचं खापर सहसा तिच्यावर फुटतं, म्हणून ही दरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

तिसरी दरी नियम असूनही तो न पाळल्याची. रंग पस्तीस मिनिटं ठेवायचा, असं सलूनच्या कार्डावर लिहिलेलं आहे. पांढऱ्या केसांवर रंग बसायला वेळ लागतो आणि कानशिलाजवळचे केस तर जास्तच हट्टी. तरीही त्या शनिवारी तो विसाव्या मिनिटालाच धुतला गेला. का? एक सहकारी रजेवर, पाचची ग्राहक दारात हजर, त्यात महिन्याचा इन्सेन्टिव्ह किती बिलं झाली यावर. कार्ड म्हणतं थांब, पगार म्हणतो उरक. भूमिकेतला हा संघर्ष तिसऱ्या दरीचं पुस्तकातलं ठळक कारण आहे. आळस किंवा बेफिकिरी एवढंच लिहून थांबलात, तर उत्तर अर्धवट राहतं.

दुसरी आणि तिसरी यांत गोंधळ होत असेल तर एवढंच विचारा : नियम होता का? नव्हता किंवा चुकीचा होता, तर दुसरी. नीट होता पण पाळला गेला नाही, तर तिसरी. आपल्या प्रसंगात दोन्ही आहेत आणि एकीने दुसरीला जन्म दिला आहे. वहीत शंभर मिनिटं असती, तर पाचची ग्राहक दारात उभी राहिली नसती.

चौथी दरी जाहिरातीची. ‘एका तासात’ हे लिहिणाऱ्याने रंग लावणाऱ्या मुलीला एकदाही विचारलं नव्हतं. तेच काम, तेवढ्याच वेळात, ‘दोन तास हाताशी ठेवा’ असं आधी सांगून झालं असतं, तर बाईंनी दोनची वेळ घेतली असती. अवाजवी वचनाने प्रत्यक्ष सेवा बदलत नाही, अपेक्षा मात्र वाढते. उलट, रंग मुरायला पस्तीस मिनिटं लागतात हे खुर्चीत बसतानाच सांगितलं, तर तोच वेळ ग्राहकाला खोळंबा वाटत नाही. म्हणून या दरीचे बाण ग्राहकाच्या बाजूला वर जाताना दाखवतात.

पाचवी दरी मोजायला याच तिघांनी 1988 मध्ये ‘सर्व्हक्वाल’ ही 22 विधानांची प्रश्नावली दिली. समजा, ‘सांगितलेल्या वेळेत काम होतं’ या विधानाला बाईंनी सातपैकी अपेक्षेला 7 आणि अनुभवाला 3 गुण दिले. अनुभवातून अपेक्षा वजा करायची : 3 − 7 = −4. उणे चिन्ह म्हणजे सेवा अपेक्षेपेक्षा कमी पडली. क्रम उलटा केला की चिन्ह बदलतं आणि निष्कर्षही उलटा होतो, तेव्हा इथे जपून.

या −4 मधून दुखतंय हे कळतं, कुठे दुखतंय ते कळत नाही. क्रोनिन आणि टेलर यांनी 1992 मध्ये वेगळाच आक्षेप घेतला : अपेक्षा मोजूच नका, अनुभवाचे गुण पुरेत. त्यांच्या पद्धतीचं नाव ‘सर्व्हपर्फ’. गुण कसेही मोजले तरी आपल्या सलूनच्या मालकांना कारण शोधायला वही, कार्ड, इन्सेन्टिव्हचा तक्ता आणि जाहिरात ही चारही कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागतील, आणि रिसेप्शनवरच्या मुलीला समोर बसवून विचारावं लागेल.