तारकांखालचे कंस

१९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटला आणि १९९४ मध्ये रवांडात कत्तल झाली. त्या दशकात वर्तमानपत्रांतून एकच निदान पुन्हापुन्हा वाचायला मिळे: वेगवेगळ्या वंशांची, भाषांची, धर्मांची माणसं एका देशात कोंबली की आज ना उद्या यादवी पेटायचीच. २००३ साली जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन या स्टॅनफर्डच्या दोन राज्यशास्त्रज्ञांनी ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’मध्ये एक लेख लिहून या निदानालाच सुरुंग लावला. लेख मोठा आहे, युक्तिवादही भरपूर आहेत, पण त्याचा सगळा भार शेवटी एका रिग्रेशनच्या तक्त्यावर येऊन टेकतो. असे तक्ते समोर आले की बहुतेक वाचक, आणि खरं सांगायचं तर राज्यशास्त्राचे पुष्कळ विद्यार्थीही, तारका मोजतात आणि पान उलटतात. या एका तक्त्यापाशी जरा बसू.

आधी तक्त्याचं डोकं वाचायचं. फिअरन-लेटिन ‘यादवीची सुरुवात’ समजावून घेऊ पाहतात. युद्ध किती चाललं, किती माणसं मेली, हा त्यांचा प्रश्न नाही. एका देशाचं एक वर्ष ही त्यांच्या माहितीतली एक नोंद. भारत १९६१ ही एक, भारत १९६२ ही दुसरी. त्या वर्षी यादवी सुरू झाली असेल तर १, नसेल तर ०. तक्त्याच्या तळाशी ६,३२७ असा आकडा दिसतो, तो या नोंदींचा. आकडा दणदणीत वाटतो, पण यादवी ही क्वचित घडणारी गोष्ट आहे. शंभर नोंदींमध्ये एकाच्या जागी दोन पडतील न पडतील. त्यामुळे सहा हजार नोंदी असल्या तरी खरी माहिती त्या शंभरेक एकांमध्ये दडलेली असते. हे ध्यानात ठेवलं तर पुढचे आकडे डोळे दिपवत नाहीत.

आता पहिल्या स्तंभातल्या चार ओळी बघा. प्रत्येक ओळीत आधी गुणक, म्हणजे कोएफिशंट, आणि कंसात त्याची प्रमाण त्रुटी:

दरडोई उत्पन्न: −०.३४४ (०.०७२)
तेल निर्यातदार देश: ०.८५८ (०.२७९)
नवा देश: १.७०९ (०.३३९)
वांशिक विविधता: ०.१६६ (०.३७३)

पहिली चूक इथेच होते. नव्या देशाचा आकडा १.७ आणि उत्पन्नाचा ०.३ च्या घरात, म्हणजे उत्पन्नापेक्षा देशाचं नवेपण पाचपट महत्त्वाचं, असं मन पटकन म्हणतं. पण गुणक सांगतो तो एक एकक बदलाचा परिणाम, आणि प्रत्येक ओळीचं एकक वेगळं आहे. ‘नवा देश’ हा होय-नाहीचा प्रश्न आहे: स्वातंत्र्य मिळून पहिली दोन वर्षं चालू असतील तर १. उत्पन्नाचं एकक आहे एक हजार डॉलर, तेही १९८५ च्या किमतींत. हजाराऐवजी शंभर डॉलरचं एकक घेतलं असतं तर गुणक दहापट लहान दिसला असता आणि जगात काहीही बदललं नसतं. तोळ्यात सांगा नाहीतर ग्रॅममध्ये, सोनं तेवढंच.

दुसरी गोम अशी की उत्तर फक्त ० किंवा १ असल्यामुळे इथे साधं रिग्रेशन चालत नाही, लॉजिट नावाचा प्रकार वापरलेला आहे. त्यात गुणक थेट शक्यतेची भाषा बोलत नाही, ‘ऑड्स’ची बोलतो. ऑड्स म्हणजे घडण्याचं न घडण्याशी असलेलं प्रमाण. कॅल्क्युलेटरवर e चा ०.३४४ वा घात काढला की १.४१ येतात. म्हणजे बाकी सगळं सारखं असताना एका देशाचं दरडोई उत्पन्न दुसऱ्यापेक्षा हजार डॉलरने कमी असेल, तर तिथे यादवी सुरू होण्याचे वर्षागणिक ऑड्स ४१ टक्क्यांनी जास्त. ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच, की उत्पन्न वाढतं तसा धोका उतरतो. नव्या देशासाठी हाच हिशेब केला तर साडेपाच पट येते. मात्र ‘४१ टक्क्यांनी जास्त’ हे ऐकून दचकण्याआधी मूळ धोका किती होता ते विचारावं. तो शंभरात दोन असेल, तर वाढून तीनच्याही खालीच राहतो. वृत्तपत्रांचे मथळे नेमकं हे विचारायचं विसरतात.

तारकांचं रहस्य कंसातल्या आकड्यात असतं. प्रमाण त्रुटी सांगते की हा गुणक किती डळमळीत आहे, योगायोग थोडा इकडेतिकडे झाला असता तर तो साधारण किती हलला असता. ढोबळ नियम सोपा आहे: गुणकाला कंसातल्या आकड्याने भागा, उत्तर दोनच्या आसपास किंवा वर गेलं की तारका लागते. उत्पन्नाचं उत्तर येतं ४.८. तेलाचं तीनच्या थोडं वर. विविधतेचं ०.४४, म्हणून तिच्या डोक्यावर तारका नाही. तारकेचा नेमका अर्थ असा: खरा संबंध शून्य असता, तर निव्वळ योगायोगाने शून्यापासून इतका दूरचा आकडा शंभरात पाचपेक्षा कमी वेळा आला असता. ‘निष्कर्ष खरा असण्याची शक्यता ९५ टक्के’ असा तिचा अर्थ नव्हे, आणि ‘परिणाम मोठा’ असा तर मुळीच नव्हे.

विविधतेच्या ओळीवर थांबायला हवं, कारण लेखाचा डंका तिच्यामुळेच वाजला. तारका नाही, म्हणून अनेकांनी वाचलं: विविधतेचा यादवीशी काही संबंध नाही. पण कंस वापरून बघा. ०.१६६ मधून ०.३७३ ची साधारण दुप्पट वजा करा, मग तेवढीच मिळवा. उणे ०.५७ पासून ०.९० पर्यंतचा पट्टा मिळतो. ऑड्समध्ये बोलायचं तर ०.५७ पटीपासून जवळपास अडीच पटीपर्यंत. इथलं एककही विचित्र आहे. देशातली कुठलीही दोन माणसं उचलली तर ती वेगळ्या वांशिक गटांतली निघण्याची शक्यता, असं हे माप शून्य ते एकमध्ये फिरतं. म्हणजे एक एकक बदल म्हणजे पूर्ण एकजिनसी देशापासून पूर्ण विखुरलेल्या देशापर्यंतची उडी. एवढ्या उडीचा परिणाम निम्म्यापासून अडीचपटीपर्यंत कुठेही असू शकतो, असं तक्ता म्हणतो. शून्यही त्या पट्ट्यात बसतं, पण दुपटीची वाढही बसते. ‘पुरावा सापडला नाही’ आणि ‘परिणाम नाही’ यांत फरक आहे. माझ्या मते या लेखाबद्दल पुढे जे बोललं गेलं, त्यातलं निम्मं या फरकावरून घसरलेलं आहे.

मग कंट्रोल चल कशासाठी? विविध देश बऱ्याचदा गरीबही असतात. आफ्रिकेतले अनेक देश डोळ्यांपुढे आणा. नुसती विविधता आणि यादवी शेजारी मांडली तर विविधता गुन्हेगार दिसते. उत्पन्नाचा चल समीकरणात घेतला की प्रश्न बदलतो: सारख्याच उत्पन्नाच्या देशांमध्ये जास्त विविध देश जास्त पेटतात का? फिअरन-लेटिन यांचं उत्तर होतं, तसं दिसत नाही. धोका गरिबीबरोबर चालतो, विविधता तिच्या सोबतीने येते.

कंट्रोलची गरज किती, हे एका मुंबईच्या अभ्यासाशेजारी ठेवलं की उमगतं. रिखिल भावनानी यांनी २००९ मध्ये त्याच नियतकालिकात मुंबई महापालिकेच्या वॉर्डांचा अभ्यास छापला. महिलांसाठी वॉर्ड राखीव कोणते, हे तिथे सोडतीने ठरलेलं. मागच्या निवडणुकीत राखीव असलेल्या आणि आता खुल्या झालेल्या वॉर्डात स्त्री निवडून येण्याची शक्यता, पूर्वीही खुल्या असलेल्या वॉर्डाच्या सुमारे पाचपट निघाली. सोडतीला वॉर्ड श्रीमंत की गरीब हे ठाऊक नसतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचे वॉर्ड सरासरीने सारखेच. कंट्रोल घातले काय, न घातले काय, मुख्य आकडा फारसा हलू नये. हललाच तर सोडतीवर शंका घ्यावी. पण देशांची गरिबी कुणी सोडतीने वाटलेली नाही. म्हणून फिअरन-लेटिन यांना डोंगराळ भूभाग, लोकसंख्या, तेल, राजकीय अस्थिरता अशी वऱ्हाडभर मंडळी बरोबर घ्यावी लागली. उत्पन्नाचा आकडाही त्यांनी मागल्या वर्षाचा घेतला, कारण युद्धच उत्पन्न बुडवतं आणि मग कार्यालाच कारण समजण्याची चूक होते.

पण कंट्रोल वाढवत नेले की उत्तर शुद्ध होत जातं, हा समज धोक्याचा आहे. १९९७ मध्ये विल्यम ईस्टर्ली आणि रॉस लेव्हिन या अर्थतज्ज्ञांनी मांडलं होतं की वांशिक विविधतेमुळे धोरणं बिघडतात, सार्वजनिक सोयी रखडतात आणि देश गरीब राहतो. हे खरं मानलं तर गरिबी ही विविधतेपासून यादवीपर्यंतच्या वाटेवरचंच एक स्टेशन ठरते. उत्पन्न स्थिर धरणं म्हणजे त्या स्टेशनावर गाडी अडवायची आणि मग म्हणायचं, बघा, गाडी पुढे पोहोचतच नाही. कुठला चल आधीचा आणि कुठला वाटेतला, हे तक्ता सांगू शकत नाही. ते लेखाच्या युक्तिवादात शोधावं लागतं.

उत्पन्नाच्या ओळीचंही तसंच. गुणक एक, वाचन दोन. फिअरन-लेटिन म्हणतात, गरीब देशात सरकारचे पोलीस दुबळे आणि रस्ते थोडे, म्हणून बंडखोरांचं फावतं. पॉल कोलियर आणि अँके होफ्लर यांच्या वाचनात गरिबी म्हणजे रिकाम्या हातांचे तरुण, ज्यांना बंदूक उचलण्यात गमावण्यासारखं फार काही नसतं. −०.३४४ दोघांनाही तितकाच साथ देतो.

आणि विविधतेचं माप? ते गट किती आहेत ते मोजतं. सत्तेतून कुणाला वगळलं, हे त्याला दिसत नाही. २०१० मध्ये लार्स-एरिक सेडरमन, आंद्रेआस विमर आणि ब्रायन मिन यांनी नेमकं हे वगळणं मोजलं, तेव्हा सत्तेबाहेर ठेवलेले गट बंडाकडे झुकण्याची शक्यता जास्त असल्याचं दिसलं. त्याच वर्षी मायकेल वॉर्ड, ब्रायन ग्रीनहिल आणि क्रिस्टिन बाके यांनी फिअरन-लेटिन यांचं समीकरण भाकितासाठी वापरून पाहिलं. निकष साधा होता: समीकरणाने निम्म्याहून जास्त शक्यता वर्तवली तर ‘इथे यादवी होणार’ असं धरायचं. तारकांनी सजलेल्या त्या समीकरणाला या कसोटीवर प्रत्यक्षात सुरू झालेली एकही यादवी ओळखता आली नाही.