बाईंच्या निरोपाचं कोलाज

महाराष्ट्रात ज्यांची जन्मतारीख दप्तरात १ जून लागली आहे, असे शिक्षक पुष्कळ. वयाची ५८ वर्षं धरून त्यांची निवृत्ती ३१ मे रोजी येते. त्यामुळे मे महिन्यात फोटो लॅबमध्ये एकाच प्रकारची गर्दी दिसते. माजी विद्यार्थ्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाळीस-पन्नास फोटो जमवलेले असतात आणि त्या सगळ्यांचं एक कोलाज करून, फ्रेम लावून बाईंना द्यायचं असतं. बहुतेक जण मोबाइलवरच्या एखाद्या अ‍ॅपमध्ये सगळे फोटो टाकतात, अ‍ॅप सारख्या आकाराचे तीस चौकोन करून देतं आणि तेच छापायला जातं. प्रिंट हातात आली की कळतं, फोटो सगळे आले, पण ओळखू कुणीच येत नाही.

कोलाजची मांडणी मी नेहमी चेहऱ्यापासून सुरू करते. फोटो किती आहेत हा पुढचा प्रश्न. भिंतीवरची फ्रेम माणूस दोन-तीन हातांवरून बघतो. तेवढ्या अंतरावरून ओळख पटायची तर छापलेला चेहरा निदान पाच मिलिमीटर हवा, असं माझं ठोकताळ्याचं माप आहे. लॅबमध्ये सहज मिळणारा कागद १२ बाय १८ इंचांचा. शाळेच्या मैदानावर काढलेला वर्गाचा ग्रुप फोटो घ्या, एका रांगेत बारा मुलं. तो अडीच इंचांच्या चौकोनात बसवला तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला जेमतेम पाच मिलिमीटर रुंदी येते आणि चेहरा दोन मिलिमीटरही भरत नाही. तोच फोटो आठ इंच रुंद छापला तर मुलामागे सतरा मिलिमीटर मिळतात, चेहरा पाच-सहा मिलिमीटरचा होतो आणि दुसऱ्या रांगेतला आपला मित्र सापडतो. म्हणजे ग्रुप फोटोला आठ इंच द्यायचे हे आधी ठरलं. बाकीची मांडणी त्याच्याभोवती बसवायची.

आता कागद आडवा धरा, १८ इंच रुंद आणि १२ इंच उंच. त्यावर अडीच इंचांचे चौरस आखायचे, आडवे सहा आणि उभे चार. दोन चौरसांमध्ये पाव इंच फट. असं केलं की डावीकडे-उजवीकडे पाऊण इंचाहून थोडा जास्त आणि वर-खाली पाऊण इंचाहून थोडा कमी समास उरतो. हे २४ चौरस म्हणजे २४ फोटो नव्हेत. शेजारचे चौरस जोडून मोठ्या चौकटी करायच्या. तीन आडवे आणि दोन उभे असे सहा चौरस जोडले, की मधल्या फटींसकट आठ इंच बाय सव्वापाच इंचांची चौकट होते. जुन्या पोस्टकार्ड साइज प्रिंटचं प्रमाण, म्हणजे सहा बाय चार, जवळजवळ असंच असतं, त्यामुळे फिल्मच्या कॅमेऱ्यावर काढलेला आडवा ग्रुप फोटो इथे फारसा न कापता बसतो. दोन बाय दोन जोडले की सव्वापाच इंचांचा मोठा चौरस मिळतो.

बाईंच्या कोलाजची वाटणी अशी करता येते. वरच्या दोन ओळींत डावीकडे ग्रुप फोटोची मोठी चौकट, तिच्या शेजारी एक मोठा चौरस आणि उजव्या टोकाला एकावर एक असे दोन छोटे. खालच्या दोन ओळींत डावीकडे चार छोटे चौरस आणि त्यांच्या उजवीकडे दोन मोठे. सगळ्या मिळून दहा चौकटी झाल्या. त्यांतली एक मजकुरासाठी ठेवायची, बाईंचं नाव, शाळा, रुजू झाल्याचं आणि निवृत्तीचं वर्ष, एवढंच. राहिले नऊ फोटो. पन्नासांतून नऊ निवडताना ग्रुपमध्ये थोडी नाराजी होते, पण बाकीचे फोटो छोट्या अल्बममध्ये देता येतात. भिंतीवर नऊच जावेत यावर मी ठाम असते.

ही वाटणी करताना उभ्या फटींकडे लक्ष द्यावं लागतं. वरच्या भागातली फट आणि खालच्या भागातली फट एका रेषेत आली, तर कागदावर मधोमध फुली पडते आणि कोलाजचे चार वेगळे तुकडे दिसू लागतात. गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसंच हे. वरच्या वाटणीत मोठ्या फटी तिसऱ्या आणि पाचव्या चौरसानंतर येतात, खाली पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्यानंतर. कुठेच जुळत नाहीत, म्हणून नजर एका फोटोवरून दुसऱ्यावर सरकत राहते.

पाव इंचाची फट स्क्रीनवर जास्त वाटते. मग ती कमी करण्याचा मोह होतो, आणि छापल्यावर गडद फोटो एकमेकांत मिसळतात. एकाच्या रात्रीच्या स्नेहसंमेलनाची काळोखी पार्श्वभूमी दुसऱ्याच्या फळ्याला जाऊन भिडते. फट सगळीकडे सारखीच हवी, एका जागी जरी ती जाड झाली तरी डोळा तिथेच अडतो. आणि बाहेरचा समास फटीच्या निदान दुप्पट तरी हवाच, कारण फ्रेमची पट्टी कागदाची कड साधारण पाव इंच झाकते. समास फटीएवढाच ठेवला तर कडेचे फोटो थेट लाकडाला चिकटलेले दिसतात.

आता फोटो कापण्याचं काम. इथेच खरा वेळ जातो आणि जावा.

मोबाइलचा उभा फोटो चौरसात बसवताना त्याच्या उंचीचा चौथा भाग जातो. बाई फळ्याजवळ उभ्या आहेत, तर खालून साडीच्या निऱ्या गेल्या तरी काही बिघडत नाही. पण काप बरोबर मनगटावर, कोपरावर किंवा गुडघ्यावर येऊ देऊ नये, तिथे अवयव तुटल्यासारखा वाटतो. काप मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर घ्यावा. झेंडावंदनाचा फोटो मात्र चौरसाला दाद देत नाही. दोरी धरलेल्या बाई खाली आणि तिरंगा वर, दोघांना घ्यायचं तर बाई नखाएवढ्या होतात, बाईंना मोठं करायचं तर झेंडा अर्धा कापला जातो. अर्धा कापलेला तिरंगा छापायचा नाही. अशा वेळी तो फोटो बाजूला ठेवून त्याच दिवशीच्या प्रभातफेरीचा आडवा फोटो घेणं बरं.

सहलीच्या फोटोत रांग लांबलचक असते आणि बाई एका टोकाला. तिथे सगळी रांग घेण्याचा हट्ट सोडून बाई आणि त्यांच्या जवळची चार-पाच मुलं एवढंच मोठ्या चौरसात घ्यावं. कापाची रेघ दोन माणसांच्या मधल्या मोकळ्या जागेतून जावी. एक चूक फार वेळा दिसते. कापून टाकलेल्या मैत्रिणीचा हात कुणाच्या तरी खांद्यावर तसाच राहतो, नुसती चार बोटं. कोलाज भिंतीवर लागलं की सगळे आधी तीच बोटं दाखवतात. म्हणून काप ठरला की फोटो मोठा करून चारी कडा फिरून बघायच्या.

एकमेकांना लागून आलेल्या छोट्या चौरसांत चेहऱ्यांचे आकार जवळपास सारखे हवेत. चौकटीच्या उंचीचा साधारण तिसरा भाग चेहरा आणि डोळे वरच्या तिसऱ्या भागाच्या रेषेवर, एवढं पाळलं की वेगवेगळ्या सालांचे फोटोही एका घरातले वाटतात. उजव्या टोकाच्या चौकटीतल्या बाई उजवीकडे बघत असतील तर त्या कोलाजबाहेर बघत आहेत असं दिसतं. तो फोटो डाव्या बाजूला हलवावा. आरशासारखा उलटा मात्र करू नये. साडीचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो, फळ्यावरची अक्षरं उलटी होतात आणि बाईंच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येतं.

फोटो कुठून आला यावर तो किती मोठा छापता येईल हे ठरतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो बहुधा लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास उरतो. तो आठ इंच रुंद छापला की इंचाला २०० पिक्सेल पडतात, चालून जातं. पण त्याच फोटोतून बाईंचा एकटीचा चेहरा ३०० पिक्सेलचा कापला आणि अडीच इंचांच्या चौरसात ताणला, तर इंचाला १२० च उरतात. मग भुवया आणि कुंकू पसरट दिसतं. इंचाला १५० च्या खाली मी जात नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं, की फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. रुजू झाल्या तेव्हाचा बाईंचा कृष्णधवल फोटो आणि वर्गाचा जुना ग्रुप फोटो यांच्या मूळ प्रिंटा मागवून ६०० डीपीआयवर स्कॅन कराव्यात. स्कॅनर नसेल तर प्रिंट खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, मोबाइल तिला अगदी समांतर धरून फोटो घ्यावा. जुन्या फोटोचा पिवळटपणा थोडा राहू द्यावा, त्याला आजच्या फोटोसारखा चकचकीत करण्यात अर्थ नाही.

कॅनव्हात पान इंचांत आखून जेपीजी उतरवली, की इंचाला ९६ पिक्सेलच्या हिशेबाने १७२८ बाय ११५२ ची छोटी फाइल मिळते. त्यापेक्षा पानाचं मापच ५४०० बाय ३६०० पिक्सेल द्यावं. मग छोटा चौरस ७५० पिक्सेलचा, फट ७५ ची, मोठा चौरस १५७५ चा आणि ग्रुप फोटोची चौकट २४०० बाय १५७५ ची. सगळ्या चौकटी एकत्र निवडून पानाच्या मधोमध आणल्या की समास आपोआप बरोबर येतो.

पूर्ण प्रिंट देण्याआधी एक स्वस्त चाचणी करावी. तयार कोलाजमधून १८०० बाय १२०० पिक्सेलचा तुकडा कापायचा, ज्यात सगळ्यात कमकुवत वाटणारा फोटो, एक जुना फोटो आणि मधली फट येईल, आणि तो पोस्टकार्ड साइजमध्ये छापून घ्यायचा. हा तुकडा खऱ्या मापाचा असतो, त्यामुळे चेहरा किती दिसतो, काळे भाग किती गडद होतात आणि फट पुरते का, हे हातात धरूनच कळतं. मोबाइलचा प्रकाश स्क्रीनच्या मागून येतो, म्हणून कागदावर फोटो थोडे काळवंडतात. तसं वाटलं तर सगळे फोटो थोडे उजळून घ्यावेत. काच लावायची असेल तर कागद मॅट घ्यावा, चकचकीत कागदावर काच म्हणजे चमक दुप्पट. आणि फ्रेमवाल्याला कोलाज देताना पांढरा समास दाखवून सांगावं, हा कापायचा नाही, कारण फ्रेम थोडी लहान निघाली की त्याची कात्री पहिल्यांदा तिथेच लागते.