हिस्सेदार कमी झाला, तिजोरीही

ठाण्याच्या माझ्या मामांकडे शेअरांची एक लांबट वही आहे. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. मोबाइलवर डीमॅटचं सगळं दिसतं, तरी वहीत डाव्या पानावर खरेदी आणि उजव्या पानावर लाभांश अशी नोंद होतेच. २०२५च्या दिवाळीत फराळाला गेलो, तर वही उघडी आणि मामा विचारात. इन्फोसिसनं सप्टेंबरमध्ये १८,००० कोटी रुपयांचं बायबॅक जाहीर केलं होतं. बाजारात दीड हजाराच्या आसपास असलेला शेअर कंपनी १,८०० रुपयांना परत घेणार होती. मामांच्या वहीत बायबॅकसाठी रकानाच नव्हता.

“लाभांश दिला की पैसे गेले आणि विषय संपला,” मामा म्हणाले. “बायबॅकमध्ये शेअरच कमी होतात रे. मग उरलेल्यांची किंमत वाढणारच की!”

हे इतकं सरळ वाटतं की पुढे कुणी विचारच करत नाही. इन्फोसिस १० कोटी शेअर घेणार होती, म्हणजे एकूण शेअरांच्या साधारण २.४ टक्के. विकत घेतलेले शेअर कायद्यानं रद्द होतात. तेवढाच नफा कमी शेअरांत वाटला गेला, की प्रत्येक शेअरमागचा नफा, म्हणजे ईपीएस, वाढतो. पण ‘तेवढाच नफा’ हे शब्द इथे गुपचूप आत शिरतात. वाडवडिलांच्या घरातला एक भाऊ आपला हिस्सा सोडून गेला, तर उरलेल्यांचे वाटे मोठे होतात हे खरं. पण त्याला द्यायचे पैसे घरच्याच तिजोरीतून गेलेले असतात.

मामांच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही एक कागदी कंपनी उभी केली. तिचे १० कोटी शेअर, भाव २०० रुपये, म्हणजे बाजाराच्या लेखी कंपनीची किंमत २,००० कोटी. वर्षाचा नफा १०० कोटी, तेव्हा ईपीएस १० रुपये. कंपनीकडे २०० कोटी रुपये पडून आहेत आणि त्यावर कर वजा जाता वर्षाला ८ कोटी व्याज मिळतं. हे २०० कोटी भागधारकांना द्यायचे आहेत.

आधी लाभांश देऊ. शेअरमागे २० रुपये. पैसे गेले, व्याजही गेलं. नफा ९२ कोटी उरला आणि ईपीएस ९ रुपये २० पैशांवर आला. शेअरचा भाव १८०. मामांचे १०० शेअर असतील, तर १८,००० रुपयांचे शेअर आणि हातात २,००० रुपये. बेरीज २०,०००, आधी होती तेवढीच.

आता त्याच पैशांत बाजारभावानं, २०० रुपयांनी, एक कोटी शेअर परत घेऊ. नफा इथेही ९२ कोटीच, पण शेअर उरले ९ कोटी. ईपीएस १० रुपये २२ पैसे. वाढला की! पण उरलेली कंपनी १,८०० कोटींची आहे. तिला ९ कोटींनी भागा, भाव येतो २००. मामांनी एकही शेअर विकला नसेल, तर त्यांच्याकडे २०,००० रुपयांचेच शेअर आहेत.

मामांनी चष्मा काढून पुसला. एका वाटेनं ईपीएस ८ टक्के घसरला आणि कुणी गरीब झालं नाही. दुसऱ्या वाटेनं तो वाढला आणि कुणी श्रीमंत झालं नाही. ईपीएस वाढला असताना भाव जागेवर राहतो, कारण पीई २० वरून साडेएकोणीसच्या जवळ येतो. बाजार बँकेतल्या २०० कोटींना २०० कोटीच मोजत होता. व्याजाचे ८ कोटी धरले तर ती पंचवीस पट किंमत झाली. तो भारी भावाचा तुकडा बाहेर पडला, तसं सरासरी गुणोत्तर उतरलं.

ईपीएस वाढणार की नाही, हे आधीच ओळखता येतं. पीई उलटा करायचा. पीई २० म्हणजे शंभर रुपयांच्या शेअरमागे ५ रुपये नफा. कंपनीचा पैसा बँकेत ४ टक्के मिळवत असेल, तर बायबॅकनं ईपीएस वाढेल. पीई ४० असेल, तर शंभरामागे अडीचच रुपये. मग तेच बायबॅक ईपीएस खाली आणेल. या हिशेबात धंदा चांगला की वाईट याचा कुठे संबंधच आला नाही. ज्या व्यवस्थापकांचा बोनस ईपीएसवर ठरतो, त्यांना हे आपल्याआधी कळलेलं असतं.

“पण कंपनी तर वरचा भाव देते ना?” मामांचा प्रश्न रास्त होता, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आपली कागदी कंपनी २०० ऐवजी २५० देऊ लागली, तर २०० कोटींत ८० लाख शेअरच येतील. उरले ९ कोटी २० लाख. ईपीएस बरोबर १० रुपये, जिथे होता तिथेच. उरलेल्या शेअरची किंमत मात्र १९५ रुपये ६५ पैसे. सगळ्यांनी आपापले ८ टक्के शेअर दिले, तर मामांना ८ शेअरांचे २,००० रुपये मिळतात, ९२ शेअर १८,००० चे होतात आणि बेरीज पुन्हा २०,०००. जो फॉर्मच भरत नाही, त्याच्या शंभर शेअरांमागे ४३५ रुपये जातात. ते कंपनीच्या खिशातून आलेले नसतात. न देणाऱ्याकडून देणाऱ्याकडे गेलेले असतात. लाभांशाला असा पंक्तिप्रपंच जमत नाही. तो झोपलेल्याच्याही खात्यात जमा होतो.

छोट्या भागधारकाला इथे एक आधार आहे. टेंडर पद्धतीच्या बायबॅकमध्ये रेकॉर्ड डेटला दोन लाख रुपयांपर्यंतचे शेअर असणाऱ्यांसाठी १५ टक्के राखीव असतात. आपल्या उदाहरणात ते १२ लाख शेअर झाले. अशा छोट्यांकडे मिळून ४० लाख असतील आणि सगळ्यांनी दिले, तर मामांचे ८ नव्हे, ३० घेतले जातील. मग बेरीज २१,२०० च्या घरात जाते. यात खरी कमाई आहे, फक्त ती मोठ्यांच्या वाट्यातून आलेली.

मग कर मध्ये येतो. १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी बायबॅकवरचा कर कंपनी भरत असे आणि भागधारकाला रक्कम करमुक्त मिळे. त्या दिवसापासून मिळालेली सगळी रक्कम लाभांश धरली जाऊ लागली आणि दिलेल्या शेअरांची खरेदी किंमत भांडवली तोटा. २०२५च्या त्या दिवाळीत हाच नियम होता. मामांनी ते ३० शेअर दीडशेला घेतले असतील, तर नफा ३,००० चाच. पण कर ७,५०० वर. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला २,२५० रुपये लगेच भरावे लागत. ४,५०० चा तोटा आठ वर्षं पुढे ओढता येत होता, पण त्याच्यापुढे वजा करायला भांडवली नफा असला तरच त्याचा उपयोग. ज्याला करच लागत नाही अशा आजीला ते बायबॅक गोड होतं, तिच्या नोकरदार मुलाला तेच कडू. इन्फोसिसच्या प्रवर्तकांनी त्या बायबॅकमध्ये आपले शेअर दिलेच नाहीत.

मामांनी पट्टी घेऊन नवा रकाना आखला. रक्कम लाभांशाच्या पानावर गेली. खरेदीच्या पानावर त्या शेअरांसमोर ‘तोटा, आठ वर्षं’ असं लिहिलं, तेही पेन्सिलीनं. नियम पुन्हा बदलला तर खोडता यावं म्हणून.