एकच खटखट, दोन भाऊ

भिवंडीकरांना यंत्रमागाची खटखट नवी नाही. भिंतीपलीकडे माग आणि अलीकडे दोन सख्खे भाऊ, असे घर डोळ्यांपुढे आणा. थोरला स्वस्थ झोपतो. धाकट्याचा डोळा लागत नाही. बाजारातल्या गर्दीने तो तासाभरात शिणतो, आणि वहिनी मुकाट्याने ताट वाढू लागल्या की त्यांचे काही बिनसले आहे, हे आधी त्यालाच कळते. घरचे म्हणतात, याचे कान फार तिखट!

कान तपासले आणि दोघांचे सारखेच निघाले, तर मात्र फरक मेंदूत शोधावा लागतो. अमेरिकेतील इलेन व आर्थर एरन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९९७ साली या स्वभावाची २७ प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्यांचे म्हणणे असे की, अशा माणसाचा मेंदू बाहेरून आलेला प्रत्येक ठसा अधिक खोलवर पारखतो, म्हणूनच तो लवकर थकतो. हा रोग नव्हे. मोजपट्टीची उत्तरे मात्र ज्याची त्यानेच द्यायची असल्याने निव्वळ चिंताळू माणसालाही तीत बरेच गुण पडतात.

ओळखावे कसे? हा हळवेपणा लहानपणापासूनचा असतो आणि केवळ आवाजापुरता नसतो. उजेड, वास, माणसांची मने, सारे त्यात येते. चांगले गाणेही अशा माणसाला इतरांहून खोल भिडते. त्रास अलीकडेच सुरू झाला असेल, तोही फक्त आवाजाचा, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

आणि थोरल्याने मागावर बरीच वर्षे काढली असतील, तर त्यालाही सोबत न्यावे. त्याची ती स्वस्थ झोप कदाचित बहिरेपणाचीही असेल.